एकच फीडबॅक फॉर्म कॉलेजात, फौंड्रीत आणि ट्रस्टमध्ये कसा पोचतो? संस्थात्मक समरूपतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सिद्धांत थोडक्यात काय सांगतो?

1977 मध्ये मायकेल हॅनन आणि जॉन फ्रीमन यांनी विचारलं होतं की जगात इतक्या तऱ्हेच्या संघटना का असतात. सहा वर्षांनी, 1983 मध्ये, पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी तो प्रश्न उलटा केला: मुळात या सगळ्या एकमेकींसारख्या का दिसतात? त्यांचं उत्तर असं. एखादं क्षेत्र नवं असतं तेव्हा जो तो आपल्या परीनं काम करतो. क्षेत्र एकदा बसलं, म्हणजे नियम कोण करणार, पैसे कोण देणार, तपासायला कोण येणार हे ठरलं, की त्यातल्या संस्था एका साच्याकडे सरकायला लागतात. यालाच संस्थात्मक समरूपता म्हणतात. साच्यात बसल्यानं काम सुधारेलच असं नाही. मान्यता मात्र मिळते, आणि प्रवेश, अनुदान, ऑर्डर, देणगी हे सगळं मान्यतेवर उभं असतं.

साच्याकडे ढकलणारे दाब तीन. ज्याच्यावर आपण अवलंबून आहोत त्याची सक्ती, अडल्यावर शेजाऱ्याचं केलेलं अनुकरण, आणि एकाच तऱ्हेचं शिक्षण घेतलेल्या व्यावसायिकांनी बरोबर आणलेली रीत.

सिद्धांताचा पसारा मोठा आहे. इथे आपण फक्त एका कागदाचा माग काढू: फीडबॅक फॉर्म. ‘अतिशय समाधानी’पासून ‘असमाधानी’पर्यंत पाच चौकोन, खाली सही आणि तारीख. कोल्हापुरात हा कागद शिरोलीच्या ओतकाम करणाऱ्या फौंड्रीत सापडतो, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात सापडतो आणि गावोगावी आरोग्य शिबिरं घेणाऱ्या ट्रस्टच्या कपाटातही सापडतो.

चांगली पद्धत सगळेच उचलतात. यात वेगळं काय सांगितलं?

उचलतात, आणि ते सिद्धांताला मान्यच आहे. शिरोलीत एकानं कोळशाच्या कुपोलाऐवजी इंडक्शन फर्नेस बसवली, रसाचं तापमान नीट हातात आलं, रिजेक्शन उतरलं, आणि मग इतरांनीही बसवली, तर ती स्पर्धेतून आलेली समरूपता झाली. जो बदलला नाही तो बाजारातून जातो. त्यासाठी नव्या सिद्धांताची गरज नव्हती.

नवा मुद्दा पुढचा आहे. 1983 मध्येच पामेला टॉलबर्ट आणि लिन झुकर यांनी अमेरिकेतल्या शहरांचा 1880 ते 1935 या काळातला अभ्यास मांडला. नगरपालिकांत वशिल्याऐवजी परीक्षा घेऊन नोकरभरती करण्याची सुधारणा तेव्हा पसरत होती. ज्या शहरांनी ती सुरुवातीला घेतली त्यांच्याकडे ती घेण्याची कारणं होती, आणि त्या शहरांची वैशिष्ट्यं पाहिली तर ती कारणं दिसतही होती. पुढे पुढे मात्र शहर कसं आहे आणि त्यानं सुधारणा घेतली की नाही, यांचा संबंध विरत गेला. ‘नीट चालणाऱ्या शहरात हे असतंच’ अशी समजूत बसली होती, म्हणून शहरं ती घेत गेली.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. एखादी पद्धत पहिल्यानं आणणारा आणि पन्नासावा आणणारा यांची कारणं वेगळी असतात. पहिल्याला विचारलं तर तो आपली अडचण सांगतो. पन्नासाव्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘सगळीकडे असतंय की.’

फौंड्रीत हा फॉर्म आला कुठून?

गिऱ्हाइकाकडून, आणि तेही सरळ मार्गानं नाही.

कोल्हापूरच्या बऱ्याच फौंड्र्यांची कास्टिंग्ज वाहन उद्योगात जातात. मोठी वाहन कंपनी पुरवठादाराकडे गुणवत्ता-व्यवस्थेचं प्रमाणपत्र मागते. पूर्वी आयएसओ 9001 वर भागायचं. वाहनांच्या सुट्या भागांसाठी आता आयएटीएफ 16949 लागतं, जे 2016 मध्ये आधीच्या टीएस 16949 च्या जागी आलं. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं, आणि मधल्या काळात दरवर्षी पाहणी ऑडिट. आयएसओ 9001 मध्ये एक अट आहे की ग्राहक कितपत समाधानी आहे यावर संस्थेनं लक्ष ठेवावं. कसं ठेवावं ते प्रमाणकात सांगितलेलं नाही. परत आलेला माल मोजा, ग्राहकाशी बोला, ऑर्डर वाढल्या की घटल्या ते बघा, काहीही चालतं.

तरीही फाइलमध्ये फॉर्मच निघतो, कारण ऑडिटरसमोर ठेवायला तो सोपा पडतो. एका फौंड्रीत क्वालिटीच्या नव्या पोरानं मोल्डिंगच्या जुन्या सुपरवायझरना माझ्यासमोरच विचारलं होतं, “मामा, ह्यो फॉर्म वाचतंय कोण?”

“ऑडिटर.”

“आन् कंपनी?”

“कंपनी रिजेक्शन मोजत्या. फॉर्म कशाला वाचंल?”

मामांचं बरोबर आहे. कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघालं, वाळू अडकलेली सापडली, मशीनिंग करताना आत पोकळी लागली, तर ग्राहक फॉर्म भरत बसत नाही. त्याच दिवशी फोन येतो, लॉट अडवला जातो, आणि दुसऱ्या दिवशी इथला माणूस त्यांच्या दारात माल निवडत बसतो. फौंड्रीकडे ग्राहकाचं मत कळायचं इतकं थेट साधन आहे की पाच चौकोनांच्या कागदातून नवं काही समजायला जागाच उरत नाही. फॉर्म तपासणाऱ्यासाठी असतो. सक्तीचा दाब असा दिसतो: मूळ अट ढोबळ असते, पण ती पाळल्याचा पुरावा दाखवायच्या नादात एकच आकार पक्का होतो.

नियम बदलला तर फॉर्मही जातो का?

बहुतेक वेळा जात नाही. आयएसओ 9001 च्या 2008 च्या आवृत्तीत ‘क्वालिटी मॅन्युअल’ सक्तीचं होतं, आणि ‘मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह’ म्हणून एक माणूस नेमायला लागायचा. 2015 च्या आवृत्तीतून दोन्ही अटी गेल्या. आज कुठल्याही एमआयडीसीत जाऊन पाहा, मॅन्युअल जाड पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये आहे आणि एमआर साहेबांची पाटीही दारावर आहे. सक्ती उठली, पण तोवर ती ‘नीट कारखान्याची’ खूण बनली होती. ग्राहकाचा माणूस मॅन्युअल मागतो, कारण त्याच्या स्वतःच्या कारखान्यातही ते असतं. सक्तीनं आलेली गोष्ट नंतर सवयीच्या जोरावर टिकते, हे इथं उघड दिसतं.

कॉलेजात तोच फॉर्म काय करतो?

इथे थोडं थांबू, कारण उदाहरण चांगलं आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगानं 1994 मध्ये नॅकची, म्हणजे कॉलेजं तपासून त्यांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची, स्थापना केली. नॅकचं मूल्यांकन सात निकषांवर होतं. पहिला निकष अभ्यासक्रमाचा, आणि त्यात फीडबॅकचा एक मुद्दा आहे. 2017 पासूनच्या चौकटीत त्याची उतरंड अशी: फीडबॅक घेतला, त्याचं विश्लेषण केलं, त्यावर कारवाई केली आणि सगळं वेबसाइटवर टाकलं, तर सगळ्यात वरचं उत्तर. वेबसाइटवर नसेल तर एक पायरी खाली. कारवाई नसेल तर आणखी खाली. नुसता गोळा केला असेल तर त्याखाली, आणि घेतलाच नसेल तर तळाला. मत विद्यार्थ्यांचं, शिक्षकांचं, नोकरी देणाऱ्यांचं आणि माजी विद्यार्थ्यांचं घ्यायचं. फौंड्रीच्या ऑडिटरला ही उतरंड दाखवली तर तो म्हणेल, हे तर आमचंच.

आता समजा, कोल्हापूर जिल्ह्यातलं एक संलग्न कॉलेज आहे. कला, वाणिज्य, विज्ञान, तिन्ही शाखा. अभ्यासक्रमावर फीडबॅक घ्यायचा, पण अभ्यासक्रम कॉलेज ठरवतच नाही. तो शिवाजी विद्यापीठाची अभ्यास मंडळं ठरवतात. बी.कॉम.च्या मुलीनं लिहिलं की ‘अकाउंट्समध्ये टॅलीचं प्रात्यक्षिक जास्त हवं’, तर कॉलेज काय करणार? दोनच गोष्टी करता येतात. अभ्यास मंडळाला पत्र पाठवायचं, किंवा स्वतःचा एक छोटा कोर्स काढायचा. म्हणून ‘केलेली कारवाई’ या रकान्यात कॉलेजामागून कॉलेजात तीच दोन वाक्यं सापडतात: ‘सूचना अभ्यास मंडळाकडे पाठवण्यात आल्या’ आणि ‘अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करण्यात आला’. लिहिणारे प्राध्यापक आळशी आहेत म्हणून तसं होत नाही. अधिकार जिथे आहे तिथे फॉर्म पोचत नाही, आणि फॉर्म जिथे भरला जातो तिथे अधिकार नाही.

स्वायत्त कॉलेजाचं वेगळं. त्यांची स्वतःची अभ्यास मंडळं असतात, त्यामुळे तोच फॉर्म तिथे खरंच काही हलवू शकतो. कागद एक, चौकोन तेच, परिणाम मात्र अधिकार कुणाच्या हातात आहे त्याप्रमाणे.

मग कॉलेजं एकमेकांची नक्कल करतात, असं म्हणायचं का?

करतात, आणि त्याला कारण आहे. डिमॅजिओ-पॉवेल यांच्या मते अनुकरण तिथे वाढतं जिथे दोन गोष्टी धूसर असतात: काय केलं की काय होतं हे नक्की कळत नाही, आणि मुळात साधायचं काय हेही सगळे वेगवेगळं सांगतात. फौंड्रीचं ध्येय वजनात आणि मापात मोजता येतं. ‘चांगलं शिक्षण’ म्हणजे काय, यावर स्टाफरूममध्येच चार मतं निघतील. मग सुरक्षित वाट एकच: ज्याला ‘ए प्लस’ मिळालं त्यानं काय लिहिलं ते बघा.

पायऱ्या साधारण अशा. आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, समन्वयकपद बहुतेक वेळा बॉटनीच्या किंवा इतिहासाच्या एखाद्या कामसू प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं. ते ओळखीच्या कॉलेजातल्या समन्वयकाला फोन करतात. “सर, तुमचा एसएसआर पाठवा की.” खरं तर पाठवायचीही गरज नसते. एसएसआर म्हणजे स्वयंअध्ययन अहवाल, आणि तो कॉलेजाच्या वेबसाइटवर ठेवावा लागतो, त्यामुळे चांगली श्रेणी मिळालेल्यांचे अहवाल कुणालाही उघडता येतात. पारदर्शकतेसाठी केलेली सोय नकलेसाठी सगळ्यात सोयीची ठरते. मग मुद्दा समोर, अहवाल शेजारी, आणि वाक्यं सरकू लागतात. एका मसुद्यात दुसऱ्याच तालुक्याचं नाव राहून गेलेलं मी पाहिलं आहे. वेळीच सापडलं म्हणून बरं.

याचं टोक सातव्या निकषात दिसतं. तिथे कॉलेजानं आपलं वेगळेपण सांगायचं असतं, ठरलेल्या मर्यादेत, हजार शब्दांत. म्हणजे वेगळेपणाचासुद्धा साचा. दहा अहवाल उघडले तर बहुतेकांचं वेगळेपण एकच निघतं: ग्रामीण आणि वंचित घटकांतल्या मुलांना दर्जेदार शिक्षण. ते खोटं नसतं. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक कॉलेजांचं खरंच तेच काम आहे. पण एखाद्या कॉलेजाचं खरं वेगळेपण, समजा कुस्तीच्या पोरांसाठी तालमीच्या वेळा सांभाळून बसवलेलं वेळापत्रक, अहवालात येतच नाही, कारण ते कुणाच्याच जुन्या अहवालात नसतं आणि ‘हे लिहिलं तर चालेल का?’ ही शंका राहते.

ट्रस्टला कोण ढकलतं? तिथे तर ग्राहकही नाही आणि श्रेणीही नाही.

तिथे पैसा देणारा आहे. पूर्वी एखाद्या ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हिशेब द्यायचा, गावातल्या देणगीदारांना वार्षिक सभेत चहा पाजायचा, एवढं पुरायचं. देणगीदार शिबिराला स्वतः येऊन बघायचे.

कंपनी कायदा 2013 चं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झालं आणि चित्र बदललं. नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एका मर्यादेपर्यंत पोचलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. यालाच सीएसआर म्हणतात. त्यातला बराच पैसा ट्रस्टच्या हातून खर्च होतो. एप्रिल 2021 पासून असं काम घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी करावी लागते, आणि तो सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो.

आता बारीक गोष्ट बघा. नियमानुसार कामाच्या परिणामाचं स्वतंत्र मूल्यमापन फक्त मोठ्या कंपन्यांना सक्तीचं आहे: ज्यांचं सरासरी सीएसआर दायित्व 10 कोटी किंवा अधिक आहे, आणि तेही 1 कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांसाठीच. चार लाखांचं नेत्रशिबिर घेणाऱ्या ट्रस्टला ते लागू नाही. पण कंपनीच्या सीएसआर विभागाचा तक्ता एकच असतो आणि तोच सगळ्यांना जातो. मग शिबिरात चष्मा घेऊन बाहेर पडणाऱ्या आजींच्या हातात फॉर्म येतो. आजींना वाचता येत नाही, म्हणून कार्यकर्ती विचारते, “आज्जी, समाधानी आहे का?” फुकट चष्मा देणाऱ्याच्या तोंडावर कोण नाही म्हणेल? शंभरातल्या जवळपास सगळ्या जणी ‘अतिशय समाधानी’ निघतात, आणि त्यातून काहीच कळत नाही. कळायचं असेल तर तीन महिन्यांनी गावात जाऊन चष्मा डोळ्यावर आहे की कोनाड्यात, एवढंच बघायचं. त्याला फॉर्मपेक्षा पेट्रोल जास्त लागतं, आणि त्या पेट्रोलला तक्त्यात रकाना नसतो.

तीन क्षेत्रं वेगळी, दाब आणणारेही वेगळे. मग आकार एकच कसा?

प्रश्न रास्त आहे. 1983 चा मूळ लेख एका क्षेत्राच्या आतल्या समरूपतेबद्दल होता. कॉलेजं कॉलेजांसारखी का, इस्पितळं इस्पितळांसारखी का. कॉलेज फौंड्रीसारखं का दिसायला लागतं, हे त्यानं पुरतं उलगडत नाही. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ जॉन मेयर यांच्या वाटेनं जावं लागतं. पॅट्रिशिया ब्रॉमली आणि मेयर यांचं म्हणणं असं की शाळा, धंदा, धर्मादाय संस्था, सरकारी खातं, हे सगळे आता आधी ‘संघटना’ असतात आणि मग जे काय असतील ते. संघटना म्हटलं की तिला ध्येयवाक्य हवं, धोरण हवं, मोजमाप हवं, अंतर्गत तपासणी हवी. ही कल्पना कुठल्याच एका क्षेत्राची राहिलेली नाही.

जमिनीवर ही कल्पना माणसांच्या पायांनी चालते. कोल्हापुरात हे बघायला फार लांब जायला नको. सायबर नावाच्या इथल्या शिक्षणसंस्थेत एमबीए आणि समाजकार्याचं एमएसडब्ल्यू एकाच आवारात शिकवलं जातं. एमबीए झालेला कारखान्याच्या एचआरमध्ये किंवा कंपनीच्या सीएसआर विभागात जातो, एमएसडब्ल्यू झालेली ट्रस्टमध्ये, आणि दोघांनीही प्रश्नावली कशी बनवायची, पाच पायऱ्यांची मोजपट्टी कशी लावायची, अहवालात आलेख कुठे टाकायचा, हे जवळपास एकाच पद्धतीनं शिकलेलं असतं. डिमॅजिओ-पॉवेल यांचा तिसरा दाब तो हाच. इथे कुणी सक्ती करत नाही आणि कुणी अडलेलंही नसतं. ‘काम असंच करतात’ एवढंच डोक्यात बसलेलं असतं. शहरातला एकच सीए फौंड्रीचा टॅक्स, कॉलेज चालवणाऱ्या शिक्षण संस्थेचं ऑडिट आणि ट्रस्टच्या देणगीदारांना करसवलत देणारं 80जी बघत असेल, तर रीत एका फाइलमधून दुसरीत जाणारच.

शिवाय संस्था एकमेकींचा पुरावाही बनतात. नॅकमध्ये उद्योगांशी केलेले सामंजस्य करार मोजले जातात, म्हणून कॉलेज फौंड्रीकडे जातं. विस्तारकार्य दाखवायचं असतं, म्हणून ट्रस्टकडे जातं. गुणवत्तेसाठी काय केलं या मुद्द्यात बाहेरच्या ऑडिटबरोबर आयएसओ प्रमाणपत्रही धरलं जातं, म्हणून कॉलेजाच्या प्राचार्यांच्या केबिनबाहेर फौंड्रीच्या ऑफिसात असते तशीच फ्रेम लटकते.

हे सगळं फक्त कागदावर असतं का?

नेहमी नाही. मेयर आणि ब्रायन रोवन यांनी 1977 मध्येच दाखवलं होतं की बाहेरच्यांना दाखवायची रचना आणि आतलं रोजचं काम यांची गाठ अनेक संस्था मुद्दाम सैल ठेवतात. तपासणारा समाधानी राहतो आणि वर्गातलं, भट्टीवरचं काम अडत नाही. यात नुसता ढोंगीपणा बघणं मला पटत नाही. विसंगत मागण्यांखाली टिकून राहायची ती एक रीत आहे.

सैल गाठ ओळखायची असेल तर तारखा बघाव्यात. वर्षभराचे फॉर्म एकाच शाईत, एकाच आठवड्यात भरलेले आहेत का? बैठकीचं इतिवृत्त बैठकीनंतर लगेच लिहिलंय, की ऑडिटच्या आदल्या रात्री? मतांच्या सरासरीत वर्षानुवर्षं काहीच हालचाल नाही का? आणि सगळ्यात पक्की खूण: वाईट मत आल्यावर कुणाची झोप उडाली का? फौंड्रीत रिजेक्शन वाढलं की मालकाची उडते. फॉर्मवरचा आकडा घसरला तर कुणाचीच उडत नाही.

पण काही वेळा कागद उलटा काम करतो. फॉर्म भरायचाच आहे म्हणून नेमलेला तरुण प्राध्यापक तो मनावर घेतो, मुलांची उत्तरं खरंच वाचतो, ग्रंथालय संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं ठेवायला लावतो. दाखवायला आणलेल्या गोष्टीला एखादा खरं मानणारा माणूस मिळाला की ती खरी होऊन बसते. नॅकनं 2017 नंतर विद्यार्थ्यांना थेट ईमेल पाठवून समाधान सर्वेक्षण सुरू केलं, तेही याच हेतूनं: मधला कॉलेजाचा हात काढायचा. अर्थात ईमेल येण्याआधी वर्गात ‘सूचना’ देणारी कॉलेजं असतातच.

हे नवं आहे, की कोल्हापुरात पूर्वीही झालंय?

साचा पसरणं जुनंच आहे. 1901 मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकारानं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. मुस्लिम बोर्डिंग 1906 चं. समाज वेगळे, धर्म वेगळे, पण आकार एक: शहरात वसतिगृह, समाजाची संस्था, दरबाराची मदत. दरबाराचा आधार, शेजारच्या समाजाचं पाहून आलेली ईर्ष्या, सगळे दाब तिथेही शोधता येतील.

फरक असा की त्या साच्याचा प्रत्येकाला उपयोग होता. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा नव्हती, ही अडचण सगळ्या समाजांची सारखीच होती. म्हणून समरूपता दिसली की लगेच नाक मुरडू नये. अडचण सारखी आहे म्हणून उत्तर सारखं आहे, की तपासणारा सारखा आहे म्हणून, हे आधी बघावं.

साच्यात न बसणाऱ्या संस्था बुडतात का?

सिद्धांत वाचून तसं वाटतं, पण पुरावा मिश्र आहे. 1996 मध्ये मॅथ्यू क्रॅट्झ आणि एडवर्ड झॅजॅक यांनी अमेरिकेतल्या लहान, निव्वळ ज्ञानशाखा शिकवणाऱ्या खाजगी कॉलेजांचा अभ्यास छापला. त्या वर्तुळात व्यावसायिक कोर्स सुरू करणं कमीपणाचं मानलं जायचं. तरी विद्यार्थी घटताना अनेक कॉलेजांनी ते सुरू केले, आणि मान्यता गेली म्हणून ती बुडाली असं दिसलं नाही. बाजाराचा, स्थानिक गरजेचा रेटा पुरेसा असेल तर संस्था साचा मोडतात.

दुसरी तक्रार अभ्यासकांबद्दलच आहे. मार्क मिझ्रुची आणि लिसा फाइन यांनी 1999 मध्ये दाखवलं की 1983 चा लेख वापरणारे संशोधक तीन दाबांपैकी अनुकरणावरच जास्त भर देतात, आणि जिथे सक्ती असू शकते तिथेही अनुकरणच बघतात. संघटना एकमेकींची नक्कल करतात असं सांगणारे अभ्यासकही एकमेकांचं बघून लिहितात, यात थोडी गंमत आहेच. पण मुद्दा गंभीर आहे. दोन संस्था सारख्या दिसल्या एवढ्यावरून दाब कुठला ते कळत नाही.

मग आमच्या संस्थेत कुठला दाब आहे, हे ओळखायचं कसं?

फॉर्म बंद करायचा विचार बैठकीत नुसता बोलून दाखवा आणि आधी कोण बोलतं ते ऐका. ‘कंपनी ऑर्डर काढून घेईल’ किंवा ‘गुण जातील’ असं उत्तर आलं तर सक्ती, आणि मग पुढचा प्रश्न विचारायचा: नेमकी अट दाखवा. निम्म्या वेळा अट इतकी काटेकोर नसतेच. ‘अमुक कॉलेजात आहे, आपल्याकडे नको कसा?’ असं आलं तर अनुकरण. तिथे ‘त्यांना त्याचा काय उपयोग झाला?’ हे फोन करून विचारता येतं. ‘असं कसं, फॉर्म तर हवाच’ असं आलं आणि कारण सांगता आलं नाही, तर तो तिसरा दाब. तो हलवणं सगळ्यात अवघड, कारण बोलणाऱ्याला त्यात दाब दिसतच नाही.

फॉर्म बंद करता येत नाही. निदान उपयोगाचा कसा करायचा?

अट पुरी होईल इतकाच ठेवा आणि खरं मत जिथून कळतं तीच गोष्ट पुरावा म्हणून लावा. फौंड्रीनं महिन्याचा रिजेक्शनचा आणि परत आलेल्या मालाचा तक्ता ग्राहक-समाधानाच्या फाइलमध्ये लावावा. आयएसओ 9001 पुरता तो चालायला हवा. आयएटीएफमध्ये तर ग्राहकाकडे पोचलेल्या मालाची गुणवत्ता आणि वेळेवर पुरवठा यांवर समाधान तपासणं अपेक्षितच आहे. संलग्न कॉलेजानं अभ्यासक्रमावरचे प्रश्न थोडे करून, स्वतःच्या हातातल्या गोष्टी विचाराव्यात: तासांच्या वेळा, प्रयोगशाळा, ग्रंथालय, एसटीच्या वेळेशी जुळणारं वेळापत्रक. ट्रस्टनं शिबिरातला फॉर्म ठेवावा, पण सीएसआरच्या प्रस्तावातच तीन महिन्यांनंतरच्या गावफेरीचा खर्च मागावा. तो प्रकल्पाचा खर्च म्हणून मांडायचा. प्रशासकीय खर्चात टाकला तर अडचण होते, कारण कंपनीला तिच्या एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांची प्रशासकीय मर्यादा सांभाळायची असते, आणि तिचा माणूस पहिली कात्री तिथेच लावतो.